कॉपी गुळगुळीत झाली, हेडिंग सुचेना

प्रश्न : सोलापूरच्या एका दैनिकात घडणारी छोटी कथा लिहितोय. एका उपसंपादकाच्या लक्षात येतं, की नव्या बातमीदाराची कॉपी अचानक गुळगुळीत झालीय, पण आतून पोकळ. हे त्याला नेमकं कशावरून कळेल? कळल्यावर तो काय करेल? डेस्कवरचे बारकावे हवेत.

उत्तर :

शब्दांवरून कळणार नाही, हे आधी पक्कं करा. उपसंपादक कॉपी वाचतोय, मध्येच 'अधोरेखित' किंवा 'सर्वसमावेशक' असा शब्द येतो आणि त्याला कॉपी यंत्राने लिहिल्याचा संशय येतो, असा प्रसंग लिहायचा मोह होईल. तो टाळा. 'काळाची गरज', 'ठोस उपाययोजना', 'शेतकरी हवालदिल' ही भाषा वर्तमानपत्रांत कित्येक वर्षं चालत आलेली आहे. मोबाइलवरच्या लिहून देणाऱ्या ॲपने ती शोधून काढलेली नाही, ती आपल्याच पानांवरून तिकडे गेली आहे. त्यामुळे असा शब्द दिसला म्हणून डेस्कवरचा माणूस दचकत नाही. तो शब्द त्याने स्वतःही हजारदा सोडलेला असतो.

त्याला हे आधी हाताला जाणवतं. संध्याकाळी साडेसहापासून कॉप्या यायला लागतात. डाक आवृत्तीची पानं आधी सुटतात, शहराची शेवटी. नव्या पोराची एक कॉपी नीट करायला वीस-पंचवीस मिनिटं जातात: इंट्रो खालून वर आणायचा, वाक्यं तोडायची, ऱ्हस्व-दीर्घ बघायचे, एखादा आकडा फोन करून विचारायचा. मग एके दिवशी तीच कॉपी चार मिनिटांत निघते. दुसऱ्या दिवशीही तसंच. त्या वेळी उपसंपादकाला काय वाटतं, हे प्रामाणिकपणे लिहा. त्याला बरं वाटतं. समोर तालुक्यांच्या पंधरा कॉप्या पडलेल्या असताना एक कॉपी आपोआप पुढे जाते, तर कुणाला वाईट वाटेल? पहिला आठवडा त्याने पोराचं कौतुकच केलेलं असू दे. पुढे जे होतं त्याला वजन या कौतुकामुळेच येईल.

संशय कुठून सुरू होतो, हे दाखवायला दोन कॉप्या शेजारी ठेवाव्या लागतील. विषय एकच घ्या, मार्केट यार्डातला कांदा. सोलापूरच्या बातमीदाराला हिवाळ्यात ही बातमी चुकत नाही. आधीची कॉपी साधारण अशी असेल. आकडे कथेपुरते आहेत, पण हिशोब जुळवून घेतलेले आहेत, तसेच ठेवा.

'मार्केट यार्डात सोमवारी कांद्याची आवक वाढली. त्यामूळे दर कोसळले. अक्कलकोट तालुक्यातील एका शेतकऱ्याने १८ पिशव्या आणल्या होत्या. क्विंटलला ३०० रूपये भाव लागला. वजन ९ क्विंटल १० किलो भरले. पट्टी २७३० ची झाली. त्यातून गाडीभाडे १६२०, हमाली तोलाई २९५ जावून हातात ८१५ रूपये पडले. बारदान ४० रूपयाला एक पडलय ते बी निघेना असे ते म्हणाले.'

यात चुका किती आहेत? 'त्यामूळे', 'रूपये', 'जावून', 'पडलय'. अवतरणचिन्हं नाहीत. शेतकऱ्याचं नाव नाही, ते विचारावं लागेल. इंट्रोत बातमी नाही, बातमी शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे. पण उपसंपादकाला इथे काम करता येतं. तो कॅल्क्युलेटर काढतो. ९ क्विंटल १० किलोला ३०० रुपयांनी २७३० होतात, बरोबर. १६२० आणि २९५ मिळून १९१५, वजा जाऊन ८१५, तेही बरोबर. आता बारदान. १८ पिशव्यांचं ४० रुपयांप्रमाणे ७२० होतं. मग बारदान 'निघेना' कसं? ते निघतंय, वर ९५ रुपये उरताहेत.

हा कॉपीतला खरा दोष आहे आणि तो सापडतो, कारण आकडे समोर आहेत. उपसंपादक फोन लावतो. पोरगा शेतकऱ्याला परत फोन करतो आणि दहा मिनिटांनी सांगतो, 'सर, बारदान जाऊन पंच्याण्णवच उरतात म्हणे. काढणीची मजुरी अजून द्यायचीय त्यांना.' झालं. पानावर वाक्य जातं : 'बारदान वजा जाता ९५ रुपये उरले. काढणीची मजुरी कुठून देऊ?' आधीपेक्षा हे वाक्य जड आहे आणि खरंही आहे. हेडिंगही कॉपीतूनच उठून येतं : '१८ पिशव्या कांदा, हातात ८१५ रुपये'.

फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची बातमी देशभर गेली होती, ती आठवून बघा. सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकून त्याच्या हातात दोन रुपयांचा चेक पडला होता. ती बातमी एका पट्टीवर उभी होती. पट्टी म्हणजे आडत्याकडून शेतकऱ्याला मिळणारा हिशोबाचा कागद: वजन, दर, झालेली रक्कम, त्यातून कापलेलं भाडं, हमाली, तोलाई आणि खाली उरलेला आकडा. तो कागद हातात घेऊन वाचल्याशिवाय ती बातमी लिहिताच आली नसती.

आता दीड महिन्यानंतरची कॉपी बघा. माणूस तोच, बाजार तोच.

'सोलापूर कृषी उत्पन्न बाजार समितीत कांद्याच्या दरात झालेल्या लक्षणीय घसरणीमुळे शेतकऱ्यांसमोर गंभीर आर्थिक संकट उभे राहिले आहे. वाढती आवक, घटती मागणी आणि साठवणुकीच्या अपुऱ्या सुविधा यांमुळे ही परिस्थिती निर्माण झाली आहे. पहाटेपासूनच लिलावासाठी ट्रॅक्टर-ट्रॉलींच्या लांबच लांब रांगा लागल्या होत्या. मात्र अपेक्षित दर न मिळाल्याने अनेकांच्या चेहऱ्यावर निराशा स्पष्ट दिसत होती. "आम्ही रात्रंदिवस कष्ट करतो, मात्र आमच्या घामाला योग्य मोल मिळत नाही," अशी भावना एका शेतकऱ्याने व्यक्त केली. ही केवळ दराची समस्या नसून ग्रामीण अर्थव्यवस्थेच्या भवितव्याचा प्रश्न आहे.'

एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नाही. अवतरणचिन्हं जागच्या जागी आहेत. उपसंपादक ती वाचतो, ठीक म्हणतो आणि हेडिंग लिहायला जातो. इथे तो अडकतो. कथेतला हाच क्षण जवळून दाखवा. कर्सर हेडिंगच्या चौकटीत लुकलुकतोय, तीन कॉलमची जागा आहे, बावीस-चोवीस अक्षरांची ओळ बसवायची आहे आणि काही सुचत नाही. 'कांद्याचे दर घसरले, शेतकरी हवालदिल' एवढंच सुचतं. हेच हेडिंग गेल्या आठवड्यात गेलंय. त्याच्या आदल्या वर्षीही गेलं असेल. तो पुन्हा कॉपीत शिरतो, एखादा आकडा शोधतो, एखादं नाव, एखादी वस्तू. हाताला काहीच लागत नाही. हेडिंग उपसंपादकाच्या डोक्यातून येत नाही, कॉपीतल्या एखाद्या ठोस गोष्टीतून येतं. तशी गोष्ट नसली की चांगला, अनुभवी माणूससुद्धा अडतो. आधी तो स्वतःला दोष देतो, थकलोय म्हणतो. चार दिवसांत तिसऱ्यांदा असंच झालं, की मग त्याचं लक्ष कॉपीकडे जातं.

दुसरी खूण कापताना सापडते. साडेनऊला एक जाहिरात येते आणि बातमी बारा ओळींवर आणायची असते. जुन्या पद्धतीची बातमी खालून कापतात, कारण महत्त्वाचं वर असतं. पहिल्या कॉपीत काय ठेवायचं, काय उडवायचं याचा विचार करावा लागला असता. भाड्याचा आकडा काढला, तर ८१५ कुठून आले ते कळत नाही. दुसऱ्या कॉपीत तो शेवटचं वाक्य काढतो, काही बिघडत नाही. मधलं काढतो, तरी काही बिघडत नाही. मग तो नुसतं बघायला म्हणून पहिलंच वाक्य काढतो. तरीही बातमी तशीच उभी राहते. एकही वाक्य दुसऱ्याला धरून नाही. हे करून बघणारा उपसंपादक तुमच्या वाचकाला एका मिनिटात सगळं समजावून देईल, त्याच्या तोंडी भाषण घालावं लागणार नाही.

तिसरी खूण पुराव्याची आहे आणि ती सोलापूरचीच आहे. लासलगावला कांदा ट्रॅक्टरमधून, पिकअपमधून मोकळा येतो आणि वाहनातल्या मालाचा लिलाव होतो. सोलापूरला माल पिशव्यांत भरून येतो, बराचसा ट्रकने. आवकही पिशव्यांत आणि ट्रकमध्ये सांगतात, कर्नाटकातल्या गाड्याही त्यात असतात. 'ट्रॅक्टर-ट्रॉलींच्या लांबच लांब रांगा' हे चित्र नाशिक जिल्ह्यातलं आहे. मराठीत कांद्यावर जे लिहिलं गेलंय त्यात लासलगाव सगळ्यात जास्त आहे, त्यामुळे यंत्राच्या हाताला तेच आधी लागलं असणार. मार्केट यार्डात उभा राहिलेला माणूस हे वाक्य लिहिणार नाही. उपसंपादक सोलापुरात वाढलेला असेल तर त्याला हे एका वाचनात दिसायला हवं. पण पहिल्या वाचनात तोही ते सोडून देतो, कारण वाक्य इतकं सरळ आहे की डोळा कुठे अडतच नाही. हे कथेत जरूर आणा. गुळगुळीत कॉपीचा मोठा धोका हाच आहे, की तिच्यातली चूक खरखरीत कॉपीतल्या चुकीसारखी टोचत नाही.

काही बारीक खुणाही असतात. शब्दांच्या दोन्ही बाजूंना राहून गेलेले तारे, मराठी आकड्यांच्या जागी एकाएकी आलेले इंग्रजी आकडे, कॉपीच्या वर चुकून राहिलेली 'येथे सुधारित बातमी दिली आहे' अशी ओळ. पान लावताना मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलला की असली चिन्हं विचित्र दिसतात आणि पान लावणारा ओरडतो. एखादी खूण वापरायला हरकत नाही, पण सगळी कथा तिच्यावर टांगू नका. ताऱ्यावरून पकडलेला पोरगा दुसऱ्या दिवशी तारा पुसून पाठवेल, मग उपसंपादकाच्या हातात काय उरलं? तसंच 'हे माणसाने लिहिलंय की यंत्राने' ते ओळखून देणाऱ्या सॉफ्टवेअरचं. ती माणसाच्या लिहिण्यालाही यंत्राचं ठरवतात, मराठीत तर त्यांच्यावर अजिबात विसंबू नये. तुमच्या उपसंपादकाला तिकडे नेऊच नका.

त्यापेक्षा व्हॉट्सॲप दाखवा. एकाच स्क्रीनवर वर पोराचा मेसेज आहे : 'सर कांद्याची कॉपी पाठवलो, फोटो नंतर देतो'. त्याखाली ती निर्दोष कॉपी. 'मी पाठवलो', 'मी सांगितलो', 'मी जेवण केलो' हे सोलापूरचं बोलणं आहे, शेजारच्या कन्नडचा त्याच्यावर हात आहे. तसं बोलणारा मुलगा उत्तम लिहू शकतो, त्यात काहीच आड येत नाही. पण लिहिणं सुधारतं ते एकसारखं सुधारत नाही. ज्या शब्दाला चारदा टोकलं तो आधी नीट होतो, न टोकलेला तसाच राहतो. 'जावून' जातं आणि 'घेवून' आणखी महिनाभर राहतं. एका रात्रीत कधीच न टोकलेल्या चुकाही नाहीशा झाल्या, तर सुधारलेला तो नाही, कॉपी कुणीतरी दुसऱ्याने लिहिली आहे.

हा 'दुसरा' कोण, याचा विचार उपसंपादक आधी जुन्या सवयीने करेल. त्याला पहिला संशय प्रेसनोटचा येईल. पण प्रेसनोट पोकळ असली तरी नावांनी गच्च भरलेली असते: अमुक यांच्या हस्ते, तमुक यांच्या अध्यक्षतेखाली, आणि खाली 'यावेळी उपस्थित होते' म्हणून पंधरा जण. इथे तर एकही नाव नाही. दुसरा संशय, दुसऱ्या दैनिकाची बातमी उचलली असेल. तसं असतं तर त्या दैनिकातला आकडा आणि त्या दैनिकातली चूकही आली असती. इथे आकडाच नाही. ॲपने लिहिलेल्या बातमीची ओळखच ही, की तिच्यात कुणाचंच काही नसतं. 'एका शेतकऱ्याने', 'अनेकांच्या चेहऱ्यावर', 'नागरिकांतून'. ती चूक करतानाही सहसा मोघमच राहते. ट्रॅक्टरसारखी ठोस चूक सापडणं हे उपसंपादकाचं नशीब समजा.

आता कारण. पोरगा आळशी आहे असं लिहिलंत तर कथा तिथेच संपेल. सोलापुरात याहून खरं कारण सापडतं. त्याला पूर्व भागातला करा. घरात तेलुगू, आई विड्या वळते किंवा वडील यंत्रमागावर आहेत. मराठी त्याची शाळेतली आणि रस्त्यावरची. त्याचं बळही तिथेच आहे. कारखान्याच्या दारात उभ्या असलेल्या बायका त्याच्याशी तेलुगूत बोलतात, इतर बातमीदारांना त्या चार शब्द सांगून वाटेला लावतात. सुरुवातीच्या कॉप्यांत तो प्रामाणिकपणे 'असे त्यांनी तेलगूत सांगितले' असं लिहायचा आणि खाली ओबडधोबड मराठीत त्यांचं म्हणणं द्यायचा. डेस्कने ती ओळ दर वेळी उडवली असेल, जागा नाही म्हणून. 'जावून' मात्र दर वेळी गोल करून ग्रुपवर टाकला असेल. एखाद्याने त्यावर हसण्याची इमोजीही टाकली असेल.

दोन-तीन महिन्यांत पोराला काय कळलं? की इथे चुकलेला उकार सगळ्यांना दिसतो आणि आणलेल्या ८१५ चं कौतुक कुणी करत नाही. १८ पिशव्यांच्या बातमीवर त्याला कौतुकाचा एक शब्द मिळाला नव्हता, चार दुरुस्त्या मिळाल्या होत्या. मग तो यार्डातून आकडे आणतो, ॲपमध्ये टाकतो, ॲप ते गोलाईने पुसून टाकतं आणि कॉपी शुद्ध होते. हळूहळू त्याच्या लक्षात येतं, की आकडे नाही टाकले तरी कॉपी तशीच येते. मग यार्डात जायचंच कशाला? हा क्रम नीट पाळा: आधी भाषा दिली, मग तपशील गेला, मग जाणं थांबलं. एकदम तिसऱ्या पायरीवर उडी मारली तर पोरगा खोटा वाटेल. शिवाय दिवसाला पाच-सहा बातम्या, वेबसाठी वेगळी कॉपी, वर एखादा व्हिडिओ एवढं त्याच्याकडून मागितलं जातं, हेही एका वाक्यात येऊ द्या.

उपसंपादकाला हे कारण कळतं तेव्हा त्याला स्वतःचा हात दिसला पाहिजे. त्यासाठी त्याला जुन्या कॉप्या उघडायला लावा. मूळ आलेली आणि पानावर गेलेली अशा दोन्ही फायली डेस्कवर सापडतात. त्या शेजारी ठेवून तो बघतो, की शुद्धलेखन त्याने नीट केलंय आणि त्याच झटक्यात बायकांचं तेलुगूतलं बोलणं, बारदानाचा भाव, गाडीचं भाडं असं बरंच कापलंय. पोरगा ॲपकडे जायच्या आधीच थोडी पोकळी डेस्कवर तयार झाली होती.

आता तो काय करेल? चांगला उपसंपादक 'तू ॲप वापरतोस का' हे विचारत नाही. त्याला उत्तर 'नाही सर' येतं आणि पुढे बोलणं संपतं. तो बातमीचे प्रश्न विचारतो, नेहमी विचारतो त्याच आवाजात. सव्वाआठला फोन लावा :

'पट्टीवर वजन किती होतं रे?'

'सर... वजन लिहून घेतलं नाही.'

'गाडी कुठली होती?'

'गाडी म्हणजे, ट्रॅक्टरनं आलाय सर माल.'

'पिशव्या ट्रॅक्टरमध्ये?'

इथे पलीकडून काही येत नाही. मागे गाड्यांचा आवाज, बहुधा सात रस्त्याचा. उपसंपादकाने त्या शांततेत ओरडू नये. 'तो शेतकरी बोलला ते वाक्य परत सांग, तो जसा बोलला तसं,' एवढंच विचारावं. हा शेवटचा प्रश्न खरा आहे. आकडा राहून गेला हे चालू शकतं, घाईत राहतो. पण 'आमच्या घामाला योग्य मोल मिळत नाही' हे वाक्य कुणीच बोललं नसेल, तर ती भाषेची गोष्ट राहत नाही. अवतरणचिन्हांत छापलेलं, कुणीही न उच्चारलेलं वाक्य म्हणजे बनावट बातमी. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांच्या ओळीत संपादकाचं नाव असतं. छापलेल्याची जबाबदारी त्या ओळीतल्या माणसावर येते आणि उपसंपादकाला ते पक्कं माहीत असतं. म्हणून ट्रॅक्टरवरून तो विचारात पडेल, पण अवतरणावर तो थांबेलच.

त्या रात्री पानाचं काय करायचं? तीन कॉलमची जागा रिकामी ठेवता येत नाही. तो कॉपी थांबवतो, बाजार समितीकडून त्या दिवसाची आवक आणि किमान, कमाल व सरासरी दर घेतो आणि चार ओळींची सिंगल कॉलम बातमी करतो. उरलेल्या जागेत तालुक्याची एखादी राखून ठेवलेली बातमी वर चढवतो. वृत्तसंपादक विचारतो, 'कांदा कुठे गेला?' तो म्हणतो, 'उद्या येतो.' एवढंच. त्या रात्री त्याने पोराचं नाव घेऊ नये. तक्रार करायची का, हा प्रश्न त्याच्या मनात राहू दे, कारण तो साधा नाही. एकदा बनावट अवतरण गेलं तर सांगावंच लागतं, आणि आधीच्या दीड महिन्यातली किती गेली असतील हे त्याला माहीत नाही. त्यातली काही त्याने स्वतःच हेडिंग देऊन सोडलीत. मागच्या कॉप्या एकेक तपासून ज्यांचं मूळ सापडत नाही त्यांची यादी करणं, हे त्याचं पुढच्या दोन रात्रींचं काम आहे आणि ते कंटाळवाणंच दाखवा.

दुसऱ्या दिवशी तो पोराला दोन कामं सांगतो. बातमी कुठलीही असो, तिच्यासोबत वहीच्या पानाचा फोटो यायला हवा. कांद्याची असेल तर पट्टीचाही फोटो. आणि कॉपी जशी हाताला येईल तशी पाठवायची, 'जावून'सकट. हे सांगायला त्याने पोराला डेस्कशेजारी खुर्ची ओढून बसवावं आणि एक कॉपी त्याच्यासमोर नीट करून दाखवावी, कुठला आकडा वर नेला आणि का, हे बोलत. एका कॉपीला अर्धा तास जातो. रोज हे जमत नाही. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेचे दिवस आले, नंदीध्वजांची मिरवणूक आणि अक्षता सोहळा आला, की डेस्कवर पाणी प्यायला वेळ नसतो. त्या आठवड्यात पोरगा पुन्हा एकदा ॲपची कॉपी पाठवू शकतो. पाठवू दे. तो लगेच सुधारला असं लिहिलंत तर डेस्कवर काम केलेला वाचक विश्वास ठेवणार नाही.

शेवटाला मोठा कबुलीचा प्रसंग नको. यात्रा उरकल्यावर एखाद्या संध्याकाळी पूर्व भागातून कॉपी यावी, विड्यांच्या मजुरीची. सोबत वहीच्या पानाचा तिरका फोटो, त्यात तेलुगू अक्षरांत लिहिलेल्या दोन ओळी, ज्या उपसंपादकाला वाचता येत नाहीत. कॉपीत 'जावून' दोनदा आहे, 'रूपये' चारदा. मजुरी आणि विड्या यांचा हिशोब एका ठिकाणी जुळत नाही. उपसंपादक कॅल्क्युलेटर काढतो, मग फोन उचलतो आणि आधी विचारतो, 'त्या दोन ओळींत काय लिहिलंयस ते वाचून दाखव.' पोरगा तेलुगूत वाचतो, मग मराठीत सांगतो. उपसंपादक ते ऐकताना हेडिंग टाइप करतो. 'जावून' तो नंतर नीट करतो.